व्हीआयएक्स दिशा सांगत नाही

"इंडिया व्हीआयएक्स २४ वर, म्हणजे बाजार कोसळण्याची चिन्हं."

असं बरेच जण म्हणतात, मला ते पटलं नाही. व्हीआयएक्स हा निफ्टी पुढे किती हलेल याचा बाजाराचा अंदाज मोजणारा निर्देशांक. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचंच बघा. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात हा निर्देशांक १०-११ च्या आसपास होता, मेअखेरीला २४ च्या घरात. त्या काळात निफ्टी मात्र फिरून फिरून साडेबावीस हजारांपाशीच. वाढली होती ती ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत. ४ जूनला निकाल लागणार, कौल कुठेही जावो, झटका बसणार, म्हणून लोक विकण्याचा हक्क देणारे पुटही घेत होते आणि घेण्याचा हक्क देणारे कॉलही. एनएसई निफ्टीच्या बाजारभावाखालच्या स्ट्राइकचे, म्हणजे ठरलेल्या भावाचे, पुट आणि वरच्या स्ट्राइकचे कॉल, दोन्हींचे खरेदी-विक्रीचे भाव घेऊन पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित हालचाल काढते. ऑप्शनची किंमत, म्हणजे प्रीमियम, महागली की आकडा चढतो. त्यात दिशा कुठून येणार?

शिवाय २४ हा वार्षिक टक्का आहे. महिन्याचा हवा तर १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.४६ ने भागा: जवळपास ७ टक्के, वर किंवा खाली; ढोबळमानाने तीनात दोन वेळा हालचाल याच हद्दीत राहते, असा त्याचा अर्थ. ४ जूनला निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला हे खरं, पण दुसऱ्याच दिवशी व्हीआयएक्स १९ च्या आसपास उतरला, कारण अनिश्चितता संपली होती, आणि त्याबरोबर प्रीमियमही उतरले. त्यामुळे निकालाआधी महाग प्रीमियम देऊन कॉल घेणाऱ्यांना नंतर बाजार सावरूनही फारसं काही मिळालं नाही. (माझ्या ओळखीतले दोघे अजून त्यावर चिडलेले आहेत.)