भिंतीवरचा तो मोठा कोळी ‘ब्राऊन रिक्लूज’ नव्हे

“सावधान! पोटाखाली पांढरी टिकली घेऊन भिंतीवर फिरणारा हा मोठा तपकिरी कोळी म्हणजे ‘ब्राऊन रिक्लूज’. पाठीवरच्या व्हायोलिनच्या खुणेवरून ओळखा. चावला तर मांस कुजते. जखमेचा फोटो दाखवला तरी डॉक्टर लगेच ओळखतात.”

या संदेशासोबत फिरणाऱ्या फोटोतला कोळी महाराष्ट्रातल्या घराघरांत झुरळे खाऊन राहतो. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया असून इंग्रजीत त्याला हंट्समन म्हणतात. ब्राऊन रिक्लूज, म्हणजे लोक्सोसेलिस रेक्लुसा, हा अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला कोळी आहे.

ओळखीची सुरुवात आकारापासून करावी. हंट्समनचे पाय पसरले की तो तळहाताएवढा दिसतो, तर रिक्लूज पायांसकट दहा रुपयांच्या नाण्याच्या आसपास भरतो. हंट्समनचे अंग चपटे असते आणि त्याचे पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना फाकलेले असतात, म्हणूनच तो कपाटामागच्या बोटभर फटीतही सहज शिरतो. संदेशातली पांढरी टिकली तर उलटच साक्ष देते. ती अंड्यांची चपटी पिशवी आहे आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत मादी ती पोटाखाली धरून फिरते. रिक्लूजची मादी आपली पिशवी सोबत घेऊन हिंडत नाही, ती लपण्याच्या जागीच ठेवते.

व्हायोलिनच्या खुणेवर मात्र मुळीच विसंबू नये. कोळ्याचे डोके आणि छाती मिळून जो पुढचा भाग होतो, त्यावर गडद डाग असलेले कोळी पुष्कळ आहेत. छताच्या कोपऱ्यात जळमटे करणाऱ्या लांब, बारीक पायांच्या कोळ्यांतही असा डाग दिसतो, आणि एकदा मनात व्हायोलिन बसले की अंधूक फोटोत ते कुठेही दिसू लागते.

खरा निवाडा डोळ्यांवर होतो. रिक्लूजला सहाच डोळे असतात आणि ते दोन-दोनच्या तीन जोड्यांत, मध्ये मोकळी जागा सोडून मांडलेले असतात. हंट्समनला आठ डोळे असतात, चार-चारच्या दोन ओळींत, आणि त्यांच्या खाली चेहऱ्यावर आडवा फिकट पट्टा असतो. गेल्या पावसाळ्यात एका शेजारीणबाईंनी घाबरून मला फोटो पाठवला, तो वरून काढलेला होता आणि त्यात डोळे दिसतच नव्हते. मी त्यांना कोळ्यावर काचेचा पेला पालथा घालून, खालून कागद सरकवून, शेजारी नाणे ठेवून समोरून फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या फोटोत दोन्ही ओळी आणि तो पट्टा स्वच्छ दिसला, आणि प्रश्न मिटला. येथे एक सावधगिरी हवी: घरात आढळणारा, भक्ष्यावर चिकट धागा थुंकणारा सायटोडीस हा कोळीही सहा डोळ्यांचा असतो आणि त्याच्याही तीनच जोड्या असतात, पण त्याचा पुढचा भाग मागे घुमटासारखा उंच होतो, रिक्लूजचा मात्र सपाट असतो.

जाळे दिसत असेल तर त्याचाही फोटो घ्यावा. रिक्लूज अडगळीत विस्कळीत, कापसासारखे जाळे विणतो. हंट्समन शिकारीसाठी जाळे विणतच नाही. मात्र इतके सगळे दिसले तरी फोटोवरून बहुधा कुळ किंवा प्रजातीगटच ठरतो, कारण कित्येक जातींचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये पाहूनच करता येतो.

आता चाव्याविषयी. रिक्लूजच्या विषाने कातडी मरू शकते हे खरे आहे, परंतु खुद्द अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरातून सहा महिन्यांत २,०५५ रिक्लूज गोळा झाले आणि तिथे राहणाऱ्या चौघांपैकी कुणालाही विषबाधा झालेली नव्हती, अशी नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. हंट्समन दाबला गेला तर चावतो. दुखते, सूज येते आणि ती सहसा एक-दोन दिवसांत ओसरते. जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये.

जखमेच्या फोटोवरून कोळी ओळखता येतो, हा या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. ज्याला लोक कोळ्याचा चावा समजतात, ती जखम पुष्कळदा जिवाणूंच्या संसर्गाची असते. महाराष्ट्रात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते, ती स्क्रब टायफसची. चिगर माइटची सूक्ष्म अळी चावते तिथे अनेकदा न दुखणारी काळी खपली धरते आणि पाठोपाठ ताप, डोकेदुखी सुरू होते. २०१८ साली विदर्भात या आजाराची मोठी साथ आली होती. डॉक्सिसायक्लीनसारखे औषध वेळेत मिळाले तर तो बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो. म्हणून काळी खपली आणि ताप, पसरत जाणारी लाली, स्नायूंत गोळे किंवा दरदरून घाम, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि शेतात किंवा गवतात गेला असाल तर तेही सांगावे. कोळी सापडला तर त्याचा फोटो न्यावा, पण तो शोधण्यासाठी थांबू नये.