उद्दिष्टं किती, शिफारशी किती?

क्षेत्रभेटीच्या अहवालाला स्पायरल मारायला झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि चारचौघांत माझी तोंडी परीक्षा झाली. कॉलेज सांगलीतलं, भेट हळदीच्या खळ्याला, गटात आठ जण आणि लिहिणारी मी एकटी. बाकीच्या सात जणांनी काय केलं ते फोटोंत दिसतं. त्यांनी बॅनर धरला.

दुकानाचे मालक अण्णा. त्यांनी भोकं पाडायच्या यंत्रावर कागद ठेवले आणि तिथेच वाचायला सुरुवात केली.

"उद्दिष्टं किती?"

"सहा."

"आणि शिफारशी?"

"अकरा."

"मग ह्या वरच्या पाच कुठनं आल्या?"

मागे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभा असलेला माणूस हसला. अण्णा त्याला म्हणाले, "थांबा जरा, आधार कुठं पळून जात न्हाई." मग मोठ्या आवाजात पुढचं वाचन. "'शासनाने हळद उत्पादकांकडे लक्ष द्यावे.' ताई, शासन म्हंजे कोण? तलाठी का मुख्यमंत्री? आणि लक्ष द्यावे म्हंजे काय, रोज येऊन बघत बसावं व्हय?"

"अण्णा, तुम्ही फक्त स्पायरल करा ना."

"करतोय की. हे बघा, पान नऊ. 'हळद शास्त्रोक्त पद्धतीने वाळवली जात नाही असे आढळले.' कुणाला आढळलं? डोळ्याला काय दिसलं ते लिवा आधी. पद्धत चुकली हे दिसत नसतंय, ते मागनं ठरतंय. बी.एस्सी. असो का एम.बी.ए., समदी पोरं हितंच घसरत्यात. सरांस्नी वाचायला येळ नसतोय, मला भोकं पाडताना असतोय."

तेवढ्यात कुणाची तरी लग्नपत्रिका आली, तिच्यात अण्णांनी 'आशिर्वाद'चा ऱ्हस्व-दीर्घ काढला आणि मला कागद परत दिले. "उद्या आणा, तीन शिफारशी करून. स्पायरलचे पैसे तेवढेच हुतील."

राग याचा नाही की त्यांनी वाचलं. राग याचा की 'निरीक्षण आणि विश्लेषण वेगळं ठेवा' हे वर्गात कुणीही उदाहरण देऊन सांगितलेलं नाही. मार्गदर्शक पुस्तिकेत नुसते चार मथळे आहेत. मथळ्यांखाली काय भरायचं ते झेरॉक्सवाल्याने सांगायचं.

तर भरायचं कसं? लिहायला बसायच्या आधी फोटोंची वही करायची. एका ओळीत फोटोचा क्रमांक, वेळ, जागा, काय दिसतं आणि कोणत्या उद्दिष्टाशी संबंध. इथेच पहिली माती होते, कारण फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवरून घेतलेले असतात. फोनमधल्या मूळ फोटोचं नाव बहुधा `IMG_20250214_104512.jpg` असं असतं, म्हणजे 14 फेब्रुवारी, सकाळी 10 वाजून 45 मिनिटं. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आला की `IMG-20250215-WA0031.jpg` होतो. यातली तारीख फोटो मिळाल्याची असते, काढल्याची नाही, आणि आतली वेळ-जागेची माहितीही गळून पडते. म्हणून प्रत्येकाकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवायची. मागितल्यावर मिळेल का, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. सात जणांपैकी एकाने मला बॅनरचाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

वहीतल्या टिपणांचीही अशीच फोड करायची. प्रत्येक टिपणासमोर एक खूण: 'पाहिलं', 'मोजलं' किंवा 'सांगितलं'. ज्या टिपणाला तिन्हींपैकी एकही खूण लावता येत नाही ते आपलं मत असतं. त्याने निरीक्षणात घुसायचं नाही.

आता पान नऊवरचं ते शास्त्रोक्त वाक्य घेऊ. वहीत टिपण होतं, 'थर पातळ, ताडपत्री नाही.' फोटोत शिजवलेली हळद मातीच्या खळ्यावर पसरलेली दिसत होती आणि सुदैवाने कडेला कुणाचं तरी बॉलपेन पडलेलं होतं. पेन साधारण 14 सेंटीमीटर लांब धरलं तर थर दोन-तीन सेंटीमीटरच्या वर जात नाही. मग निरीक्षण असं होतं: 'फोटो 12, सकाळी पावणेअकरा. हळकुंडं मातीवर, खाली काही न अंथरता, अंदाजे 2 ते 3 सेंटीमीटर थरात पसरलेली. रात्री ढीग करत नाही, असे शेतकऱ्याने सांगितले.' बस. 'चुकीचे', 'अशास्त्रीय', 'दुर्दैवाने' यातलं काहीही नाही.

विश्लेषणात हे एखाद्या मापाशी ताडायचं. वाळवताना थर 5 ते 7 सेंटीमीटर ठेवावा, रात्री ढीग करावा किंवा झाकावं, 10 ते 15 दिवसांत ओलावा 10 टक्क्यांच्या खाली यावा, अशी शिफारस आहे. आपल्याला वाटतं पातळ पसरलं की लवकर वाळेल, चांगलंच की. पण फार पातळ थरात हळदीचा रंग उतरू शकतो. विश्लेषण म्हणतात ते या 'पण'ला. निरीक्षणच जरा जड भाषेत पुन्हा लिहिलं की विश्लेषण होतं, असा गटात एक समज आहे. तो मी मोडू शकलेले नाही.

आणि यातून शिफारस एकच निघते: 'शेतकऱ्याने खळ्यावर ताडपत्री अंथरून 5 ते 7 सेंटीमीटर थर ठेवावा, खूण केलेल्या काठीने तपासावा, संध्याकाळी ढीग करून झाकावा.' कोणी, काय, किती, सगळं त्यात आलं. शासनाला सुट्टी.

'सांगितलं' खुणेचे आकडे तर तपासल्याशिवाय घेऊच नयेत. शेतकरी म्हणाले, "ओली शंभर किलो, वाळून पॉलिश होऊन वीस." ओल्या हळदीत 80 टक्के पाणी धरलं तर शंभर किलोत कोरडा भाग 20 किलो. वाळलेल्या मालात 10 टक्के ओलावा राहतो, म्हणून 20 भागिले 0.9, साधारण 22 किलो. उरलेले दोन किलो पॉलिशच्या ड्रममध्ये सालपटं आणि मुळं होऊन गेले असणार. आकडा पटतो. पण 80 टक्के आपण धरलेत, मोजलेले नाहीत, हे त्याच परिच्छेदात लिहावं लागतं. माणूसही एकच विचारलेला, तेव्हा 'सांगली जिल्ह्यात असे होते' म्हणायचं नाही.

सहा उद्दिष्टांपैकी 'शिजवण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास' याला एकही फोटो नव्हता, कारण आम्ही पोहोचेपर्यंत कढई धुऊन झाली होती. गटाचं मत, उद्दिष्टच गुपचूप काढून टाकू. तसं करू नये. भेटीआधी मंजूर झालेली उद्दिष्टं तशीच ठेवावीत आणि 'मर्यादा' म्हणून सरळ लिहावं की हे पाहायला मिळालं नाही, कारण अमुक. प्रस्तावनेचं उलट. तिथे सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन आणि हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवं येतातच, न बघता येतात, तीन-तीन पानं येतात. पेवात आम्ही कुणी डोकावलोही नाही, तरी फोटो हवा म्हणून एकाने इंटरनेटवरून आणला. मी तो उडवला, त्याने दोन दिवस अबोला धरला.

सगळं नीट लावून सरांना दाखवलं. त्यांनी शिफारशी बघितल्या नाहीत, फोटो बघितले. जिओटॅगवाले आणि बॅनर पूर्ण दिसणारे पाच फोटो सुरुवातीला टाका, फायलीला लागतात, म्हणाले. पाचही फोटोंत आम्ही आठ जण आहोत, मागे हळद आहे म्हणतात. हे फोटो मी परिशिष्टात टाकायचं ठरवलं होतं, आता ते पहिल्या पानावर आहेत आणि पेनवाला फोटो 12 शेवटी गेलाय. अण्णांनी स्पायरल मारताना तेवढं बघितलं आणि विचारलं, "ह्यात हळद कुठाय?"