महिरपी कंसातल्या सुनंदाकाकू

आमच्या सासूबाई गेली अनेक वर्षे गावातल्या महिला बचत गटाच्या सचिव आहेत आणि मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मला परवापर्यंत वाटत नव्हते. परवा गटाच्या मार्गदर्शक ताईंचा निरोप आला, की बँकेला कर्जासाठी २०२३-२४ या आर्थिक वर्षाचा सदस्यनिहाय तक्ता हवा आहे, म्हणजे प्रत्येकीची बचत किती, कर्ज किती, परतफेड किती आणि व्याज किती, हे एकेका ओळीत. सासूबाईंनी पेटीतून नोंदवही काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "तुझ्या त्या संगणकावर टाक की जरा." मी वहीची जाडी पाहिली, अकरा सदस्य आणि बारा महिने असा मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्या म्हणाल्या नसतानाही स्वतःहून सांगितले, की आत्या, हे अर्ध्या तासाचे काम आहे. तो अर्धा तास चार दिवस चालला.

ज्यांनी बचत गटाची वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की ती महिन्यामहिन्याने लिहिलेली असते. एका बैठकीला एक पान, पानावर अकरा नावे आणि नावापुढे बचत, हप्ता, व्याज, दंड आणि एकूण असे रकाने. ज्या संध्याकाळी पैसे जमतात त्या संध्याकाळसाठी ही रचना उत्तम आहे, कारण त्या वेळी एकच प्रश्न असतो, की आज डब्यात किती आले. बँकेचा प्रश्न मात्र आडवा नसून उभा होता. तिला एक बाई धरून बारा पाने चालायचे होते.

मी पहिल्याच झटक्यात चूक केली. संगणकावर मी वहीसारखीच बारा पाने केली आणि नावे टंकली. गटात दोन सुनंदा आहेत. वहीत त्यांची नोंद कधी 'थोरली सुनंदा' आणि 'धाकटी सुनंदा' अशी आहे, कधी नवऱ्याच्या नावाने आहे, आणि मेच्या पानावर तर नुसतीच 'सुनंदा' दोनदा आहे. त्याशिवाय एका नावानंतर माझ्याकडून चुकून एक मोकळी जागा पडली, तर संगणकाने ती बाई बारावी सदस्य म्हणून दाखल करून घेतली. तेव्हा मी सगळे पुसून प्रत्येकीला एक क्रमांक दिला आणि मांडणीच बदलली: महिना, सदस्य क्रमांक, प्रकार आणि रक्कम असे चारच रकाने, आणि पैशाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वेगळी ओळ. एखादीने एका बैठकीत बचत, हप्ता आणि व्याज दिले असेल तर तिच्या तीन ओळी. यादी लांबलचक होते, पण मग सातव्या क्रमांकाच्या बाईचे वर्षाचे व्याज एका सूत्रात निघते.

```
=SUMIFS(D:D,B:B,7,C:C,"व्याज")
```

सातव्या क्रमांकाच्या बाई म्हणजे थोरल्या सुनंदाकाकू. हे सूत्र लिहून झाल्यावर मी चहा घ्यायला उठले होते, यावरून माझा आत्मविश्वास लक्षात यावा.

टंकताना मी प्रत्येक पानाची बेरीज सासूबाईंनी खाली लिहिलेल्या बेरजेशी ताडून पाहत होते. ऑगस्टचे पान बरोब्बर ८०० रुपयांनी जास्त आले. मी ते पान तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा तेच वाचले, कारण माणूस आपली चूक दर वेळी त्याच निष्ठेने करतो. शेवटी उलगडा झाला तो फरकाच्या आकड्यावरूनच. सासूबाईंचा एक आणि नऊ ही सख्खी भावंडे आहेत, फक्त शेपटीच्या वळणाचा फरक. आणि १०० ला ९०० वाचले तर फरक ८०० चाच पडतो. तेव्हापासून फरक ८, ८० किंवा ८०० आला की मी बाकी काही न पाहता थेट एकाची आणि नवाची शेपटी तपासत असे.

असे करत मी ऑक्टोबरच्या पानावर आले आणि थांबले.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या २० तारखेला असते. २०२३ साली गणपती बसले १९ सप्टेंबरला आणि दोनच दिवसांनी गौरी आल्या. गौरीच्या आदल्या दिवशी कोणती बाई बचतीचे दोनशे रुपये घेऊन येईल? बैठक झाली नाही आणि सप्टेंबरचे पानच वहीत नाही. ऑक्टोबरला सगळ्या जणी दोन महिन्यांचे पैसे घेऊन आल्या. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असल्याने हातात मजुरीही होती. गर्दी झाली, दिवे गेले, आणि सासूबाईंनी रकाने भरत बसण्याऐवजी प्रत्येकीच्या नावापुढे बचतीपासून व्याजापर्यंत एक सुरेख महिरपी कंस काढून त्याच्यापुढे फक्त एकूण रक्कम लिहिली. अकरा कंस. इतक्या देखण्या महिरपी आमच्या गौरीपुढेही नव्हत्या.

ज्यांच्याकडे कर्ज नव्हते त्यांचा कंस सोपा होता. दोन महिन्यांची बचत, दोनशे अधिक दोनशे. धाकट्या सुनंदाकाकूंनी तेवढे ३८० दिले होते, म्हणून मी त्यांच्या नावावर वीस रुपये थकबाकी लावली आणि पुढे गेले. थोरल्या सुनंदाकाकूंच्या कंसापुढे मात्र १५०० होते, आणि त्यांचे कर्ज चालू होते.

त्यांनी जूनच्या बैठकीत शेळ्यांसाठी १०,००० रुपये घेतले होते. गटाचे व्याज दरमहा शेकडा दोन रुपये, आणि तेही राहिलेल्या मुद्दलावर. जुलैत त्यांनी १,००० मुद्दल आणि २०० व्याज दिले, ऑगस्टमध्ये १,००० आणि १८०. बाकी राहिली ८,०००. सप्टेंबर गौरीला गेला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आठ हजारांवर दोन महिन्यांचे व्याज ३२० झाले. आता हा पंधराशेचा कंस फोडायचा तर आधी बचत, मग व्याज आणि उरेल ते मुद्दल, या रीतीने मी ४००, ३२० आणि ७८० असे तीन तुकडे केले. पानाची बेरीज जुळली. अर्थात ती जुळणारच होती, कारण बेरीज पंधराशेची होती आणि ते पंधराशे मी कसेही फोडले असते तरी पंधराशेच राहिले असते. हे मला तेव्हा सुचले नाही.

तरीही मी पडताळा घेतला, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. नोव्हेंबरपासून सासूबाई पुन्हा शहाण्यासारखे रकाने भरू लागल्या होत्या आणि त्यात काकूंचे व्याज १४४ लिहिले होते. माझ्या हिशेबाने बाकी ७,२२०, त्यावर व्याज १४४ रुपये ४० पैसे. पैसे सोडून दिले की १४४. डिसेंबरात १२४, जानेवारीत १०४, फेब्रुवारीत ८४, मार्चमध्ये ६४; माझा आकडा आणि वहीचा आकडा दर महिन्याला रुपयापर्यंत जुळत गेला आणि मी दर महिन्याला अधिक प्रसन्न होत गेले. वर्षअखेर काकूंची बाकी माझ्या तक्त्यात २,२२० आली.

मग कर्ज असलेल्या चौघींची पासबुके मागवली. काकूंच्या पासबुकात बाकी होती २,२००.

वीस रुपये! मी पुन्हा जुलैपासून निघाले, एक आणि नऊच्या शेपट्या तपासल्या, ३२० चा गुणाकार कागदावर केला. शेवटी लक्षात आले, की ज्या व्याजाच्या भरवशावर मी प्रसन्न होत होते ते मला काही सांगतच नव्हते. ७,२०० चे व्याज १४४ आणि ७,२२० चे १४४ रुपये ४० पैसे. वहीत व्याज पूर्ण रुपयांत लिहिलेले असल्यामुळे शेकडा दोनच्या दराने बाकी वीस रुपयांनी जास्त धरली तरी व्याजाचा आकडा हलत नाही. ते चाळीस पैसे पाच महिने माझी चूक गुपचूप पोटात घालत होते.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये मुद्दल ७८० नव्हे, ८०० गेले होते. मग व्याज ३००? आठ हजारांवर दोन महिन्यांचे तीनशे हे गटाच्या दराने बसत नाही. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, थोरल्या सुनंदाकाकूंना ऑक्टोबरला वीस रुपये व्याज सोडलं होतं का?"

"सोडीन कशाला? गटाचा पैसा हाय तो," सासूबाई दुखावल्या. मग भाकरी परतत म्हणाल्या, "वडापचं होतं ते."

खुलासा असा, की सप्टेंबरमध्ये सासूबाई गटाच्या कागदांवर सह्या करायला तासगावला बँकेत गेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर दोन्ही सुनंदाकाकू होत्या. जाताना वडापवाल्याकडे पाचशेच्या नोटेचे सुट्टे नव्हते, म्हणून सासूबाईंच्या सीटचे वीस रुपये थोरल्या काकूंनी दिले. काम गटाचे, म्हणून भाडे गटाचे. आणि ते ऑक्टोबरच्या हिशेबात वळते करून घेतले. काकूंचे व्याज पूर्ण ३२० धरले गेले होते, मुद्दल ८००, बचत ४००, मिळून १,५२०. त्यातले १,५०० रोख आले आणि वीस रुपये वडापवाल्याकडे परस्पर आधीच पोहोचले होते. व्यवहार चोख होता. वहीत फक्त व्याजाचे उत्पन्न वीस रुपयांनी आणि खर्च वीस रुपयांनी, असे दोन्हीकडे सारखेच दिसेनासे झाले होते.

मी ओळी दुरुस्त केल्या. व्याज ३२०, मुद्दल ८००, आणि 'खर्च' नावाचा नवा प्रकार करून त्यात प्रवास, वजा वीस. बाकी २,२०० झाली, पासबुक जुळले, पान जुळले. शेवटी गटाची एकूण बचत पाहिली. अकरा जणी, बारा महिने, दोनशे रुपये. २६,४०० यायला हवे होते. तक्ता २६,३८० दाखवत होता, पण ती धाकट्या सुनंदाकाकूंची थकबाकी होती आणि त्याबद्दल त्यांना जरा हळुवारपणे सांगा, असे मी सासूबाईंना सुचवले.

"धाकटी? ती कधीच बाकी ठेवत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. भाकरी टोपल्यात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अगं, तासगावला गेलो ते वीस झालं. मग परत काय चालत आलो व्हय?"

मी ऑक्टोबरचे पान पुन्हा उघडले आणि प्रवासापुढचे वीस खोडून चाळीस केले.