भाड्याचं ऑक्सिजन मशीन: कुठलं बिल धरलं जातं, कुठलं नाही

न्यूमोनियातून बरा झालेला पेशंट घरी येतो, सोबत भाड्याचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येतो आणि घरातले विचारतात, "हे क्लेममध्ये बसेल ना?" उत्तर बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, आणि तिथेच घोळ होतो.

कार्डावर "ऑक्सिजन एसओएस", म्हणजे गरज वाटल्यास, असं लिहिलेलं असेल तर विमा कंपनी ते सोयीचं सामान समजते. त्यापेक्षा डॉक्टरांकडून डिस्चार्जच्या आधीच असं लिहून घ्या: "ऑक्सिजनशिवाय एसपीओटू ८५ टक्के. घरी नेझल कॅन्युलाने मिनिटाला २ लिटर, रोज १६ तास, ८ आठवडे, कॉन्सन्ट्रेटरद्वारे." एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, नेझल कॅन्युला म्हणजे नाकात लावायची नळी. आकडे अर्थातच पेशंटचे. नंतर लिहून आणलेली चिठ्ठी चालते कधीकधी, पण शंका ओढवून घेते.

त्याआधी पॉलिसी उघडून दोन गोष्टी बघा. एक, हॉस्पिटलनंतरचा खर्च किती दिवस मिळतो. ६० किंवा ९० दिवस नेहमीचे. दोन, न मिळणाऱ्या खर्चांत "बाहेरून वापरायची टिकाऊ वैद्यकीय उपकरणं" असं कलम आहे का. ते असेल आणि त्यात कॉन्सन्ट्रेटरचं नाव असेल, तर चिठ्ठी कितीही चांगली असली तरी भाडं मिळणं कठीण. काही पॉलिसींत जादा हप्ता भरून हा खर्च आत घेता येतो, पण तो आजारपणाआधी घेतलेला हवा. हॉस्पिटलबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझर किट मात्र विमा नियामक आयआरडीएआयच्या "न देय" वस्तूंच्या यादीतच आहेत, त्यामुळे ती आशा सहसा सोडून द्यायची. (२०२० च्या कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचारात ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझर धरले होते. तो अपवाद होता, त्याचा दाखला आज देऊ नका.)

आता हिशेब. समजा, डिस्चार्ज १२ जूनला झाला, पॉलिसीत ६० दिवस, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत. भाडं महिन्याला ४,५००, डिपॉझिट १०,०००, पोचवण्याचे ७००. दुकानदार एकाच चिठोऱ्यावर "१५,२०० मिळाले" लिहून देतो. हा कागद कुणीच मान्य करणार नाही. डिपॉझिट परत मिळणारं आहे, तो खर्चच नाही. पोचवणावळ बहुधा कापली जाते. उरतं भाडं: या चिठोऱ्यावरचे ४,५०० आणि पुढच्या महिन्याचे ४,५००, मिळून ९,०००. १२ ऑगस्टपासूनचं भाडं खिशातून. म्हणून पावत्या महिन्याच्या वेगळ्या घ्या, त्यावर पेशंटचं नाव, "पासून-पर्यंत" तारखा आणि मशीनचा सीरियल नंबर हवा. तीन महिन्यांचं आगाऊ एकच बिल केलंत की कंपनी आधी क्वेरी काढते, मग पैसे कापते.

विमा नसेल तर आयकराचा रस्ता आहे, तोही फक्त जुन्या करप्रणालीत. ६० वर्षांवरच्या आईवडिलांच्या नावे आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्च मुलाला ५०,००० पर्यंत वजावट म्हणून दाखवता येतो. भाडं उपचाराचं आहे हे दाखवायला चिठ्ठी आणि बिल लागतं, आणि पैसे रोख दिलेले चालत नाहीत. यूपीआय करा. आईच्या नावे छोटीशी का होईना पॉलिसी चालू असेल तर आईचा हा खर्च त्या वजावटीत येत नाही, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही.

मशीन घेताना तासांच्या मीटरचा फोटो काढा. मशीन किती चाललंय ते त्यावर दिसतं, आणि खरंच रोज १६ तास वापरलं याचा पुरावाही तोच. खूप चाललेल्या मशीनमध्ये फ्लोमीटरचा गोळा व्यवस्थित २ वर असतो, पण हवेतला नायट्रोजन शोषून घेणारा आतला झिओलाइट थकल्यामुळे ऑक्सिजनची शुद्धता घसरलेली असते. चांगलं मशीन साधारण ९० ते ९६ टक्के देतं. दुकानदाराला शुद्धता मोजणारा ॲनलायझर लावून दाखवायला सांगा. घरी शंका आली तर पेशंटला तेवढ्याच लिटरवर थोडा वेळ सिलिंडर लावून बघा. एसपीओटू चढला तर दोष मशीनचा, बदलून मागा. सिलिंडरवरही चढला नाही तर मशीनशी वाद न घालता डॉक्टरांना फोन करा.

नेब्युलायझर भाड्याने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. नवं स्वस्त मिळतं, आणि मास्क-कप दुसऱ्याचा वापरणं म्हणजे संसर्गाला निमंत्रण. पेशंटसाठी हॉस्पिटलसारखा पलंग लागला तर तो मात्र भाड्यानेच घ्या. पण त्याचं भाडं क्लेममध्ये क्वचितच बसतं.

आणि विजेचं बिल कोणी देत नाही. ३५० वॅटचं मशीन १६ तास चाललं तर दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १७० च्या आसपास. महावितरणचा स्लॅब बदलला की युनिटचा दरही वाढतो.

मशीन परत देताना तारखेची पोच घ्या. नाहीतर "गाडी चार दिवसांनी आली" म्हणत डिपॉझिटमधून भाडं कापलं जातं, आणि ते कापलेलं भाडं कुठल्याच क्लेममध्ये बसत नाही.