जुन्या कॉम्प्युटरचा फाईल सर्व्हर: रिव्ह्यूला उत्तर

“सॉफ्टवेअर फुकट म्हणाले आणि डिस्क नव्या घ्यायला लावल्या. आमची २ टीबीची चांगली डिस्क लावलीच नाही. ४-४ टीबीच्या दोन घेतल्या तर दिसतात ३.६. वर कॉपी होते ११ एमबीने. जळगावात दुसरीकडे जा.”

नमस्कार भाऊ. आधी तुमच्या डिस्कचं. ती चांगलीच आहे, पण तिच्या मॉडेल नंबरवरून ती एसएमआर जातीची निघाली. या जातीत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. रोज थोड्या फाईली टाकल्या तर फरक कळत नाही. पण मिररमध्ये, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा ठेवताना, एक डिस्क गेली आणि नवी भरायला घेतली, की तासनतास लिहीत राहण्यात एसएमआर डिस्कचा वेग कोसळू शकतो. काही तासांचं काम दिवसावर जाऊ शकतं आणि तोवर तुमचा सगळा डेटा एकाच डिस्कवर असतो. म्हणून सर्व्हरला सीएमआर डिस्क, तिच्यात ट्रॅक एकावर एक चढत नाहीत. नुसत्या नावावर जाऊ नका: डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, रेड प्लस सीएमआर.

तुमच्या दोन डिस्क मिररमध्ये आहेत, त्यामुळे जागा एकीचीच. कंपनी हजाराच्या हिशेबाने ४ टीबी म्हणते, सिस्टिम १०२४ च्या हिशेबाने मोजते, म्हणून ३.६. चोरी कुठेच नाही.

तुमच्या मशीनमध्ये रॅम ४ जीबी. ट्रूनॅस या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला किमान ८ लागते, म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते ज्या डिस्कवर बसतं ती पूर्ण घेतं, त्यासाठीच ती छोटी एसएसडी वेगळी.

आता ११ एमबी. हा आकडा फार बोलका आहे: १०० एमबीपीएसच्या लाईनवर एवढंच मिळतं. डिस्कचा संबंध असता तर आकडा असा ठरलेला आला नसता. सर्व्हरवर हे चालवा (`enp3s0` च्या जागी तुमच्या नेटवर्क कार्डचं नाव टाका, ते `ip link` ने दिसेल):

```
ethtool enp3s0 | grep Speed
```

`100Mb/s` आलं तर आधी केबल बदलून बघा. जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या असतात; गिगाबिटला आठही लागतात. केबल बदलूनही तेच आलं तर स्विच किंवा नेटवर्क कार्ड १०० चं असू शकतं. `1000Mb/s` आलं तर तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची केबल तपासा. सगळं गिगाबिट झालं की मोठी फाईल शंभरच्या आसपास जायला हवी. केबल आम्ही येऊन तपासू, त्याचे पैसे नाहीत.

आणि मशीन बंद कपाटात ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये स्टोरेजमधल्या स्मार्टच्या पानावर डिस्कचं तापमान दिसतं. ते पन्नाशीच्या आत राहू द्या.

तुमची २ टीबीची डिस्क फेकू नका. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे: कुणी फाईल डिलीट केली तर दोन्हीकडून एकदम जाते. ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दर शनिवारी कॉपी घ्या आणि काढून घरी ठेवा. या कामाला एसएमआर चालते.