सेशननंतरची चिठ्ठी आणि त्यातले प्रश्न: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, रीडिंग झाल्यावर टॅरो रीडरने समरी आणि वर 'विचार करण्यासाठी प्रश्न' पाठवायचे हे मला पटलं नाही. उत्तरं मिळावीत म्हणून माणूस येतो, प्रश्न त्याच्याकडे आधीच भरपूर असतात. मला आलेली समरी तर पुस्तकातले अर्थ कॉपी-पेस्ट केल्यासारखी होती. आणि असं लेखी हातात आलं की माणूस महिनाभर तेच उघडून बघत बसतो."

तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो खरा आहे आणि त्यात माझीही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बाईंना चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं होतं की "आता पुढचं पाऊल टाकायची वेळ आली आहे". सेशनमध्ये हे बोलताना आम्ही दोघी वीस मिनिटं त्याच्या सगळ्या बाजू बघत होतो, पण चिठ्ठीत नुसतं ते एक वाक्य उरलं आणि त्यांनी ते आज्ञेसारखं वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. बोललेलं वाक्य विरून जातं, लिहिलेलं तसंच राहतं आणि प्रत्येक वाचनाला जास्त ठाम वाटायला लागतं. तेव्हापासून चिठ्ठीत मी निष्कर्ष लिहीत नाही. म्हणून तर प्रश्न लिहिते.

मग चिठ्ठी पाठवायचीच कशाला? कारण सेशनमधून माणूस बहुतेक वेळा एकच पत्ता घेऊन घरी जातो, जो सगळ्यात भीतीदायक किंवा सगळ्यात छान दिसला तो. आणि तो कुठल्या जागी आला होता हे विसरतो. 'डेथ' मागे सरलेल्या गोष्टीच्या जागी आला होता की पुढे येणाऱ्या, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण आठवड्याने डोक्यात फक्त "मला डेथ आला होता" एवढंच असतं. म्हणून समरीत आधी विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, मग प्रत्येक पत्ता, त्याची जागा, सुलटा की उलटा, आणि त्या पत्त्याकडे बघून समोरचा माणूस स्वतः काय बोलला ते. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला आलेल्या समरीत तेच नसणार असं मला वाटतं, आणि तसं असेल तर तुमची चिडचिड अगदी रास्त आहे. पत्त्यांची नावं झाकून बघा, उरलेला मजकूर दुसऱ्या कुणालाही चालला असता का? चालला असता तर ती समरी तुमच्या सेशनची नव्हतीच.

एक उदाहरण सांगते, परवानगी घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून. एक जण मैत्रिणीबरोबर कित्येक वर्षं छोटा व्यवसाय चालवत होती, विचारायला आली की "भागीदारी सोडू का?" हो-नाहीचा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून बदलला: "हा निर्णय घेताना मला काय दिसत नाहीये?" तीन पत्ते काढले, डेक राइडर-वेट-स्मिथ, म्हणजे 1909 सालचा, पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांचा. या डेकचा फायदा असा की छप्पन्न मायनर पत्त्यांवरही नुसती चिन्हं नाहीत, पूर्ण प्रसंग रंगवलेले आहेत, त्यामुळे पत्त्यांचं काहीही माहीत नसलेला माणूसही चित्र बघून बोलू शकतो.

सध्याच्या परिस्थितीच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स: डोळ्यांना पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे पाणी आणि चंद्रकोर. ती लगेच म्हणाली, "मी हिशोबाची फाइल बघायचंच टाळतेय." काय धरून ठेवलंय या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स: एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक मुकुटावर, दोन पायांखाली. आणि कुठे लक्ष द्यायचं या जागी एट ऑफ कप्स: पाठ फिरवून डोंगराकडे निघालेला माणूस, मागे रचलेले आठ प्याले, खाली पाच, वर तीन, आणि वरच्या ओळीत एक रिकामी जागा.

आता इथेच रीडर घसरतो. शेवटच्या जागी एट ऑफ कप्स आला की हात शिवशिवतो लिहायला की "सोडून जा". पण ती जागा 'काय होणार'ची नव्हती, 'कुठे लक्ष द्यायचं'ची होती. आणि तिने स्वतः बोट ठेवलं होतं ते जाणाऱ्या माणसावर नाहीच, त्या रिकाम्या जागेवर.

माझा पहिला कच्चा प्रश्न असा होता: "पैशाच्या भीतीमुळे तू निर्णय लांबवतेयस का?" खोडला. तो प्रश्नाचा वेष घेतलेलं माझं मत होतं, त्याला "हो" म्हणून मान खाली घालण्यापलीकडे तिला काही करता आलं नसतं. दुसरा होता "मैत्रिणीला खरं तर काय हवंय?" तोही खोडला, कारण खोलीत नसलेल्या माणसाच्या मनाबद्दल प्रश्न दिला की माणूस अंदाजांचे इमले बांधत बसतो, झोप उडते. शेवटी गेले ते हे तीन:

"हिशोबाची फाइल उघडल्यावर कुठला आकडा बघायची सगळ्यात जास्त धास्ती आहे?"

"चारातलं एकच नाणं खाली ठेवायचं तर कुठलं, आणि त्या नाण्याला तू काय नाव देशील?"

"वरच्या ओळीतली ती जागा रिकामी आहे हे पहिल्यांदा कधी जाणवलं?"

तिसऱ्याकडे जरा बघा. याचं उत्तर देऊन ती भागीदारी सोडूही शकते, किंवा मैत्रिणीसमोर बसून पहिल्यांदा मोकळं बोलूही शकते. दोन्ही वाटा उघड्या. तिच्या डोक्यात आधी जो प्रश्न होता, सोडू की नको, त्याला एवढी जागाच नव्हती, म्हणून "प्रश्न तर आधीच भरपूर असतात" हे मला पुरतं पटत नाही. असतात, पण बहुधा तो एकच प्रश्न गोल गोल फिरत असतो.

पुढे तिने काय केलं ते मला माहीत नाही. तिने कळवलं नाही आणि मी विचारलं नाही, उत्तरं मला पाठवायची नसतात हे चिठ्ठीत लिहिलेलंच असतं.

महिनाभर उघडून बघण्यावर मी एवढंच करू शकते: तीनपेक्षा जास्त प्रश्न नाहीत, चिठ्ठी एका स्क्रीनवर मावेल एवढीच, दुसऱ्या दिवसापर्यंत पाठवायची म्हणजे माझीही आठवण ताजी असते, आणि खाली एक ओळ की एका वेळी एकच प्रश्न घ्या, दोन वाक्यं कागदावर लिहा, आणि त्याच विषयावर लगेच नवीन पत्ते काढू नका. तिसऱ्या माणसाचं नावही घालत नाही, फोन घरात कुणाच्याही हातात जातो. आणि जो माणूस सेशनमध्येच फार खचलेला दिसतो, झोप नाही, जगण्यावरच मन नाही असं बोलतो, त्याला प्रश्न पाठवायचेच नाहीत. त्याला एकट्याने बसून विचार करायला लावणं चूक आहे, तिथे मी तेव्हाच थांबून डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला सांगते, जवळच्या कुणाला फोन लावायला सांगते.

तुमची ती समरी अजून असेल तर एक करा, त्या रीडरना एवढंच विचारा की कुठला पत्ता कुठल्या जागी आला होता आणि त्यावर मी काय बोललो होतो. नोंद ठेवली असेल तर ते लगेच सांगतील.