उलट्या बाटलीचं गणित कुठे चुकतं?

«बाटली कितीही वेडीवाकडी असो, तिचं घनफळ नुसत्या पट्टीने निघतं. अर्धी भरा, पाण्याची उंची मोजा. झाकण लावून उलटी करा, वरच्या हवेची उंची मोजा. बेरजेला बुडाच्या क्षेत्रफळाने गुणा. झालं!»

मुळात युक्ती खरी आहे आणि फार देखणी आहे. बाटली उलटी केली की गळा, खांदा असा सगळा अडचणीचा भाग पाण्यात बुडतो आणि हवा सरळ भागात येते. म्हणजे पाणीही सरळ भागात मोजलं, हवाही सरळ भागातच मोजली. आतला व्यास ७ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३८.५ चौ. सेंमी. उभ्या बाटलीत पाणी १२ सेंमी, उलटीत हवा ८ सेंमी, तर घनफळ २० × ३८.५ = ७७० मिली.

पण «कितीही वेडीवाकडी» हे साफ चूक आहे. दोन्ही वेळा पाण्याची रेघ सरळ भागातच यायला हवी. त्यासाठी पाणी निदान गळा-खांदा भरून निघेल इतकं हवं, आणि उभ्या बाटलीत ते खांद्यापर्यंत चढताही कामा नये. त्यामुळे सरळ भागात एकूण घनफळाचा निम्मा तरी वाटा मावत नसेल, तर किती पाणी घ्यावं याला उत्तरच नाही. बुडापासून निमुळती होत जाणारी बाटली तर बादच.

अर्धीच भरायची गरज नाही. वरच्या बाटलीचा सरळ भाग १४ सेंमी असेल, तर पाणी ६ ते १४ सेंमी कितीही चालेल, बेरीज २०च येईल. हीच तपासणीही आहे: पाणी बदलून पुन्हा मोजा. बेरीज बदलली, तर बाटली सरळ नाही किंवा रेघ खांद्यात शिरली आहे. मात्र १२ आणि ८ नंतर पुन्हा ८ आणि १२ येईल असं पाणी घेऊ नका, ती बेरीज कुठल्याही बाटलीत तीच येते.

सगळ्यात मोठा घोळ «बुडाच्या क्षेत्रफळा»त आहे. पट्टी बाहेरून लागते आणि काचेची जाडीही त्यात मोजली जाते. काच ३ मिमी जाड असेल तर बाहेरचा व्यास ७.६ सेंमी, आणि उत्तर ७७० ऐवजी सुमारे ९०७ मिली! जाडी दोन्ही बाजूंची वजा करा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बूड आत चेपलेलं असेल, तर तो उंचवटा आधी पाण्याची जागा खातो आणि उलटल्यावर हवेची. तो २५ मिलीचा असला तर उत्तर ५० मिलीने फुगतं. बेरजेच्या तपासणीत हे पकडलं जात नाही, कारण बेरीज प्रत्येक वेळी तेवढीच येते. अशा बाटलीसाठी वजनकाटा बरा: रिकामी आणि काठोकाठ भरलेली, दोन्ही वजनांतला फरक ग्रॅममध्ये येईल, तेच जवळपास मिली.